फळ्यावरची सूचना, घरच्या ग्रुपवरचा निरोप

तुम्ही विचारलंत: "वहिनी, सोसायटीच्या फळ्यावर सूचना लावताच ना, मग तिचाच फोटो घरच्या ग्रुपवर टाकला तर काय बिघडतं? दोनदा कशाला लिहिता?"

बिघडलं होतं, म्हणून लिहिते.

२०२१ च्या जुलैतली गोष्ट. आमची इमारत सांगलीत, नदीच्या बाजूला. खाली पार्किंग, वर चार मजले. सांगलीत पावसाळ्यात सगळ्यांच्या तोंडी एकच आकडा असतो, कृष्णेची आयर्विन पुलाजवळची पातळी. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. आमच्याकडे मात्र पाणी नदीकडून चालत येत नाही. आधी ते ड्रेनेजच्या चेंबरमधून उलटं वर येतं, आणि तेही पार्किंगच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे दुचाक्या लावतात. म्हणून पातळी चाळिसाच्या खाली असतानाच गाड्या हलवायला लागतात.

त्या वर्षी मी सचिव म्हणून सूचना लिहिली, फळ्यावर लावली आणि तिचाच फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. ग्रुपमध्ये आम्ही, वरच्या मजल्यावरचे माझे धाकटे दीर आणि जाऊ, आमच्या आतेसासूबाई आणि पुण्याची नणंद. जाऊबाईंनी सूचना वाचली होती. तिच्यात लिहिलं होतं, "वाहने सुरक्षित ठिकाणी हलविण्यात यावीत." त्यांना वाटलं, वॉचमन हलवतील. दिरांना वाटलं, बायकोने वाचलंय म्हणजे ती बघेल. आतेसासूबाईंना फोटोतली अक्षरं दिसलीच नाहीत. स्कूटर मागच्या कोपऱ्यात तशीच राहिली आणि सीटपर्यंत पाण्यात गेली.

मी बरेच दिवस त्या वाक्याचा विचार करत होते. "हलविण्यात यावीत" हे फळ्यावर चूक नाही, तिथे ते चालतं. फळ्यावरची सूचना कार्यालय सगळ्यांना सारखीच देतं, मालकाला तशी भाडेकरूला. कोणाचं नाव घेतलं तर बाकीचे म्हणणार, आम्हाला नाही सांगितलं. पण ज्या वाक्यात करणारा माणूसच नाही, ते घरात आलं की काम कोणाच्याच वाट्याला येत नाही. घरात नाव घेऊनच सांगावं लागतं.

आता मी आधी एका कोऱ्या कागदावर फक्त न बदलणाऱ्या गोष्टी लिहिते: काय हलवायचं, कुठे, कधीपर्यंत, लिफ्ट आणि मोटर कधी बंद. दोन्ही मजकुरांत या चार गोष्टी त्याच कागदावरून उतरवते. एकीकडे दहा आणि दुसरीकडे "सकाळी लवकर" असं झालं की लोक आपल्या सोयीचं धरतात.

त्या वेळची सूचना आज लिहायची तर फळ्यावर अशी लिहीन. वर संस्थेचं नाव, नोंदणी क्रमांक, जावक क्रमांक, दिनांक २२ जुलै २०२१. मग:

"विषय: पूरस्थितीमुळे वाहने हलविणे व लिफ्ट बंद ठेवणेबाबत.
सर्व सभासद व भाडेकरू यांना कळविण्यात येते की, कृष्णा नदीची पाणीपातळी वाढत असल्याने पार्किंगमधील सर्व वाहने शुक्रवार, दि. २३ जुलै २०२१ रोजी सकाळी १० वाजेपर्यंत इमारतीसमोरील उंच रस्त्यावर हलवावीत. त्यानंतर लिफ्ट वरच्या मजल्यावर थांबवून बंद करण्यात येईल व पाण्याची मोटर बंद राहील. मुदतीनंतर पार्किंगमध्ये राहिलेल्या वाहनांच्या नुकसानीस संस्था जबाबदार राहणार नाही."

खाली सचिवांची सही आणि शिक्का. "हलविण्यात यावीत" गेलं आणि "हलवावीत" आलं एवढाच फरक, पण आता ओळ सरळ वाचणाऱ्याकडे बोट दाखवते. लिफ्ट वर थांबवायची ओळ मुद्दाम ठेवली आहे. लिफ्टचा खड्डा आधी भरतो, आणि लिफ्ट खालीच राहिली तर पाणी थेट केबिनमध्ये शिरतं.

त्याच गोष्टीचा घरचा निरोप असा:

"आम्ही सगळे ठीक आहोत. भाऊजी, शुक्रवारी २३ तारखेला सकाळी १० च्या आत तुमची स्कूटर आणि कार समोरच्या उंच रस्त्यावर लावा. स्कूटरची किल्ली जाऊबाईंकडे आहे. हलवली की इथे 'हलवली' लिहा. आत्या, १० नंतर लिफ्ट बंद, तुमची औषधं आणि दूध मी आजच आणून देते. मोटरही बंद राहील, रात्रीच पिंप भरून ठेवा."

पहिली ओळ पुण्याच्या नणंदेसाठी. लांब राहणारी माणसं निरोपात आधी तेवढंच शोधतात, ते सापडलं नाही की फोनवर फोन येतात आणि इथल्यांचे हात अडकतात. शिवाय फोनवर निरोप न उघडता सुरुवातीचे थोडेच शब्द दिसतात. फोटो पाठवला तर तेवढेही दिसत नाहीत. सूचनेची सुरुवात संस्थेच्या नावाने होते, तेव्हा नेमकी कामाची ओळ आतच राहते. लिहिलेला मजकूर आतेसासूबाईंना अक्षर मोठं करून वाचता येतो, आणि आठवड्याने "लिफ्ट" शोधलं तरी सापडतो.

जबाबदारीची ओळ घरी पाठवत नाही. फळ्यावर ती नियमाला धरून आहे, घरच्या माणसाच्या तीच मनाला लागते. उलट घरच्या ग्रुपवर मी लिहिते की आम्ही माधवनगरला मामांकडे जातोय, घराला कुलूप असेल, दुसरी किल्ली आत्यांकडे. हे फळ्यावर कधीच जाणार नाही. कुलूपबंद घर कुठलं, हे येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचावं असं नसतं. म्हणूनच घरचा निरोप पुढे पाठवू नका, असंही मी सांगून ठेवलंय.

एक जागा मात्र दोन्हीकडे सारखीच घातक आहे. "शुक्रवारी रात्री १२ पर्यंत" असं लिहू नका. निम्मी माणसं गुरुवारची रात्र उलटून शुक्रवार लागतो ते बारा धरतात, निम्मी शुक्रवारी जेवून झोपतात ते. आपल्याकडे दिवस उजाडला की दिवस बदलतो, घड्याळात बारा वाजले म्हणून नाही. रात्रीचीच मुदत द्यायची असेल तर "गुरुवारी रात्री ११ पर्यंत" लिहावं. तसंच "उद्या" हा शब्द. फळ्यावरची सूचना तिसऱ्या दिवशीही तिथेच असते, आणि ग्रुपवरचा निरोप कोणी दुसऱ्या दिवशी उघडतो. त्यांचा उद्या वेगळाच. वार आणि तारीख दोन्ही लिहिली की एक चुकलं तर दुसऱ्यावरून कळतं.

वेळ बदलली तर काय, हेही काही जण विचारतात. फळ्यावर खाडाखोड करत नाही. जुनी सूचना काढून नवी लावते, नवा जावक क्रमांक घालते आणि "दि. २२ जुलैच्या सूचनेत पुढीलप्रमाणे बदल" अशी सुरुवात करते, म्हणजे ज्याने जुनी वाचली त्याला काय बदललं ते कळतं. व्हॉट्सॲपवर पाठवलेला निरोप पंधरा मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो, पण ज्याने तो वाचून ठेवला त्याला बदल झाल्याचं लक्षातही येत नाही. म्हणून मी जुन्याला हात लावत नाही. त्यालाच उत्तर म्हणून नवी वेळ पाठवते आणि भाऊजींना फोन करते. "हलवली" आलं नाही, तरी फोनच करते.