रोज की रविवारी?

श्रावणातली सोमवारची संध्याकाळ. राजेंद्रनगरातल्या आमच्या मेडिकलवर गर्दी होती आणि बाहेर भुरभुर पाऊस. ओळखीचा एक मुलगा आईच्या औषधांची चिठ्ठी घेऊन आला. ‘ताई, जरा पटकन द्या, गाडी रस्त्यात लावलीये.’ आमच्या पोऱ्याने चिठ्ठी घेतली आणि मी दुसऱ्या गिऱ्हाइकाचं बिल करेपर्यंत पाचही औषधं काउंटरवर मांडून ठेवली, पंधरा-पंधरा गोळ्या मोजून.

घाईतही चिठ्ठी वरून खाली वाचायची माझी सवय आहे. नाव, वय अडुसष्ट, तारीख, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक, सगळं जागेवर होतं. मग एकेक ओळ घेतली: औषध, ताकद, किती वेळा, किती दिवस. तिसऱ्या ओळीला अडकले. मेथोट्रेक्सेट साडेसात मिलिग्रॅम, आणि पुढे एक गिचमीड. ‘ओडी’ म्हणजे दिवसातून एकदा, की ‘ओडब्ल्यू’ म्हणजे आठवड्यातून एकदा? शेवटचं अक्षर पेन न उचलता ओढलेलं. पाचही ओळींना मिळून एक मोठा महिरपी कंस आणि त्यापुढे पंधरा दिवस. पोऱ्याने मोजलेल्या पंधरा गोळ्या त्या कंसाच्या होत्या.

अक्षर लागेना, तेव्हा मी अंदाजाच्या वाटेला गेले नाही, मात्रेकडे वळले. त्यासाठी आजार कळायला हवा. मुलगा म्हणाला, ‘संधिवात. सकाळी बोटं वळत नाहीत.’ संधिवातात हे औषध आठवड्यातून एकदाच देतात, साधारण साडेसातपासून पंचवीस मिलिग्रॅमपर्यंत. वेगाने वाढणाऱ्या पेशींना फोलेट हे जीवनसत्त्व वापरू न देणं हे त्याचं काम. रोज घेतलं तर आधी तोंडाची आतली त्वचा सोलते, मग हाडांच्या मगजात रक्तपेशी बनणं मंदावतं. ताप, रक्तस्राव, आणि माणूस जातोसुद्धा. पंधरा दिवस रोज म्हणजे एकशे साडेबारा मिलिग्रॅम. दोन रविवारचे होतात पंधरा.

चौथ्या ओळीत फोलिक अॅसिड पाच मिलिग्रॅम होतं, त्याच गिचमिडीसह. मेथोट्रेक्सेटच्या जोडीला ते आठवड्यातून एकदा, वेगळ्या वारी देण्याची पद्धत आहे, म्हणजे इथेही ‘ओडब्ल्यू’च असणार. पण ‘असणार’वर औषध द्यायचं नसतं. डॉक्टरांना फोन लावला; कंपाउंडर म्हणाला, पेशंट तपासताहेत, वीस मिनिटांनी करतील.

तेवढ्या वेळात मी मुलाला म्हटलं, ‘घरी जाऊन आईची औषधांची पिशवी आण, जुनी औषधंसुद्धा.’ तो वैतागला. मलाही पटलं असतं त्याचं वैतागणं, पण जुनी औषधं तोंडी विचारली की लोक ‘बीपीची एक गोळी’ इतकंच सांगतात. पिशवीत पितळी डबीतली सुपारी, एक चष्मा, आणि दुसऱ्या कंपनीची एक स्ट्रिप निघाली. नाव अगदी निराळं. उलटी करून खालची बारीक अक्षरं वाचली: मेथोट्रेक्सेट अडीच मिलिग्रॅम. आधीच्या डॉक्टरांनी दिलेली, रविवारी तीन गोळ्या. नवी गोळी सुरू करून ही चालू ठेवली असती, तर रविवारचा डोस गुपचूप दुप्पट झाला असता.

डॉक्टरांचा फोन आला. आठवड्यातून एकदाच, रविवारी, फोलिक मंगळवारी, जुनी स्ट्रिप बंद. त्यांनी स्वतःहून विचारलं, तोंडात छाले, ताप, खोकला काही आहे का? मी मुलाला विचारलं, नव्हतं. डॉक्टरांच्या सांगण्याची नोंद मी चिठ्ठीवर वेळेसह केली आणि सही केली. मात्रा मनाने बदलायचा अधिकार मला नाही; विचारायचा आहे.

मेथोट्रेक्सेटच्या दोनच गोळ्या दिल्या. स्ट्रिप कापताना नाव आणि एक्स्पायरी असलेला तुकडा गिऱ्हाइकाला जायला हवा. शेवटच्या टोकाकडून कापलं की कोऱ्या चांदीतल्या निनावी गोळ्या घरात पडून राहतात. लिफाफ्यावर ‘आठवड्यातून एकदा’ मी लिहीत नाही. ‘फक्त रविवारी. रोज नाही.’ असं मोठ्या अक्षरात लिहिलं. जुनी स्ट्रिप वेगळी बांधून त्यावर ‘बंद’.

मग आईंनाच फोन लावायला सांगितला, आणि म्हटलं, ‘काकू, गोळी कधी घ्यायची ते मला सांगा बरं.’ त्यांनी बरोबर सांगितलं. मग जरा थांबून विचारलं, ‘रविवारी एकादशी आली तर? सोमवारी घेऊ?’

‘नका बदलू वार,’ मी म्हटलं. ‘साबुदाण्याची खिचडी खा आणि त्यानंतर घ्या.’