मुख्यालयी राहते, हे सिद्ध करताना

सातपुड्यातल्या पाड्यावरच्या शाळेत शिक्षिका म्हणून माझी तीन वर्षं पूर्ण झाली, म्हणजे अवघड क्षेत्राच्या नियमाने मी बदलीचा अधिकार मागू शकते. साताऱ्याहून येताना वाटलं होतं, इथली भाषा आणि रस्ता जड जातील. ते वर्षभरात जमलं. पावरी बोलायला तर पहिलीच्या मुलांनीच शिकवलं. अडलं ते घरभाड्यापाशी.

पाड्यावर भाड्याची खोलीच मिळत नाही. एका घरातल्या दादांनी कुडाची पडवी लिंपून दिली, तिथे राहते. भाडं रोख देते, पावती नाही. तेव्हा मूळ वेतन 29,200, त्याच्या 9 टक्के म्हणजे 2,628 रुपये घरभाडे भत्ता होता. तो मिळायला शिक्षक मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावीच राहतो असा ग्रामसभेचा ठराव लागतो. 2019 च्या शासन निर्णयाने तो बंधनकारक झाला.

आमची गटग्रामपंचायत, पाडे डोंगरात विखुरलेले. 15 ऑगस्टची सभा पावसामुळे गणपूर्तीअभावी तहकूब. 2 ऑक्टोबरला सभा झाली, पण माझा विषय विषयपत्रिकेवर नव्हता. ग्रामसेवकांकडे आणखी दोन गावांचा कार्यभार, त्यामुळे मी अर्ज दिलेला त्यांच्या लक्षात राहिला नाही. (अर्ज सभेच्या नोटिशीआधी द्या आणि पोच घ्या. मी पोच घेतली नव्हती.) जानेवारीत ठराव झाला. शिक्षण कार्यालयाने तो परत पाठवला, कारण त्यात शाळेचं नाव होतं, माझं नव्हतं. तोवर भत्ता बंद. जे रोज तालुक्याहून ये-जा करतात त्यांच्यासाठी हा नियम आहे हे मला मान्य आहे. पण रात्री ताप आलेलं पोर माझ्या दारात आणतात, आणि मी इथे राहते याचा कागद मात्र माझ्याकडे नसतो, याचा राग अजून जात नाही.

शेवटी केंद्रप्रमुख ताई स्वतः सभेला येऊन बसल्या आणि ठरावात माझं पूर्ण नाव व रुजू तारीख लिहून घेतली. फरकासकट पैसे मे महिन्यात आले. अशा भागात मिळणारी एक पायरी वरची, म्हणजे एकस्तर वेतनश्रेणी त्यामानाने सहज मिळाली. मात्र तिची नोंद सेवापुस्तकात झाली का ते स्वतः पाहा.

शाळा द्विशिक्षकी. सर पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायसवर शाळेची माहिती भरणं नाहीतर बैठकीत अडकले की चारही वर्ग माझ्याकडे. तिसरीच्या मुलांना आधी पावरीतून गोष्ट सांगायची, मग मराठीत वाचायला द्यायची, हे मी बसवलंय. बदलीच्या पोर्टलवर सेवेची वर्षं मोजतात, याला रकाना नाही. आमचे आधीचे सर इथे सहा वर्षं होते, त्यांनाही पावरी यायची. गेल्यावर त्यांच्या जागी सात महिने कोणी आलं नाही.

यंदा मी बदलीचा अर्ज भरलेला नाही. कार्यालय ठराव दरवर्षी नवा मागतं. या वेळी विषय जुलैतच दिलाय, पोच घेतली आहे.