हाफ फ्राय, दुधातलं अंडं आणि लंडनची बहीण

"ताई, मला पाचवा महिना आहे, हाफ फ्राय जीव की प्राण. लंडनमधली माझी बहीणही प्रेग्नंट आहे, तिला तिथे पातळ बलक चालतो म्हणाले, मग मलाच का नाही? आणि सासूबाई चार वर्षांच्या मुलाला दुधात कच्चं अंडं घालून देतात, ते बरोबर का?"

बहिणीला सांगितलंय ते खरं आहे, पण ते तिथल्या अंड्यांसाठी आहे. ब्रिटनमध्ये १९८८ साली अंड्यातल्या साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूवरून मोठा गदारोळ झाला होता, एडविना करी नावाच्या आरोग्य खात्यातल्या मंत्रीण बाई जाहीरपणे बोलल्या की देशातल्या बहुतेक अंडी उत्पादनाला साल्मोनेलाची लागण आहे, अंड्यांची विक्री धाडकन पडली आणि दोन आठवड्यांत त्यांना राजीनामा द्यावा लागला. पुढे १९९८ पासून तिथे 'ब्रिटिश लायन' योजनेतल्या कोंबड्यांना साल्मोनेलाची लस द्यायला लागले, अंड्यावर लाल सिंहाचा शिक्का आणि कुठल्या फार्मचं ते कळेल असा कोड. हे सगळं वीसेक वर्षं चाललं तेव्हा कुठे २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीने सांगितलं की लायन शिक्क्याचं अंडं गरोदर बाई आणि लहान मुलं पातळ बलकासकट खाऊ शकतात. बिनशिक्क्याचं अंडं मात्र तिथेही पूर्ण शिजवूनच खायला सांगतात.

आपण किराणावाल्याकडून किंवा चिकनच्या दुकानातून जो ट्रे आणतो त्यातल्या अंड्याच्या मागे असं काही नाही. कोंबडीला कुठली लस दिली, अंडं किती दिवसांचं, ट्रे टेम्पोत किती तास उन्हात होता, काही म्हणता काही कळत नाही. गावठी अंडं असलं तरी तेच, उलट गावठी म्हणजे सेफ असं धरून लोक जास्त बिनधास्त होतात.

आता हे का, ते नीट सांगते, कारण "कवच स्वच्छ धुतलं की झालं" असं मला रोज कुणीतरी सांगतं. साल्मोनेला कवचावरच्या विष्ठेतून तर येतोच, पण त्याचा एक प्रकार कोंबडीच्या अंडाशयातच असतो, म्हणजे कवच तयार व्हायच्या आधीच तो आत गेलेला असतो. अंडं दिसायला छान, वास नाही, पाण्यात टाकलं तर बुडतं. ती पाण्याची टेस्ट अंडं किती जुनं ते सांगते, आत जंतू आहे का ते नाही. ताज्या अंड्यात समजा जंतू असले तरी थोडेच असतात आणि पांढऱ्यात त्यांना वाढता येत नाही कारण तिथे त्यांना लागणारं लोह बांधून ठेवलेलं असतं. खरं खाणं असतं ते बलकात, आणि बलकाभोवती एक पातळ पडदा असतो. अंडं जुनं होतं तसा हा पडदा सैल होतो, आणि उन्हाळ्यात ओट्यावर ठेवलेल्या अंड्याचा तर भराभर होतो. फोडल्यावर बलक वर उभा न राहता चपटा पसरतो ना, तेच ते. एकदा पडदा गळायला लागला की जंतूंना खाद्य मिळतं आणि मग ते वाढत सुटतात. म्हणून अंडी आणली की न धुता फ्रिजमध्ये, दारात नको, आतल्या कप्प्यात, कारण दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं. घाण लागली असेल तर कोरड्या फडक्याने पुसा. धुवून ठेवलं की कवचावरचा नैसर्गिक थर जातो आणि ओल्या छिद्रांतून बाहेरचं आत जायला सोपं होतं, धुवायचंच तर फोडायच्या आधी धुवा.

आता तुमचं हाफ फ्राय. मध्ये मी स्वयंपाकाचा टोकदार थर्मामीटर आणलाय, तो एक दिवस हाफ फ्रायच्या बलकात खुपसून बघितला. तवा इतका तापलेला की कडा कुरकुरीत झाल्या होत्या, पांढरं पूर्ण सेट, आणि बलकाच्या मध्यात ५२ अंश. आपल्याला वाटतं एवढ्या आगीवर काय राहणार आहे, पण ती आग बलकापर्यंत पोचतच नाही, खाली पांढऱ्याची गादी असते आणि वर मोकळी हवा. जंतू मरायला मध्यात साधारण ७१ अंश लागतात. थर्मामीटर नसला तरी अडत नाही, कारण बलकच सांगतो: पासष्टच्या आसपास तो दाटायला लागतो आणि सत्तरच्या पुढे घट्ट होतो. म्हणजे बलक वाहत नाही, सगळीकडे सेट झालाय, एवढं दिसलं की झालं.

मग दुसरं अंडं मी असं केलं, तुम्हीही असंच करा: आच मंद, चमचाभर तेल, अंडं फोडून घातलं, पांढरं सेट व्हायला लागलं की कडेने दोन चमचे पाणी सोडून वर झाकण, दोन मिनिटं. वाफेने बलकावर पांढरट साय येते. मग हलक्या हाताने पलटून आणखी मिनिटभर. थर्मामीटरने ७४ दाखवले. बलक लिंपणासारखा मऊ होता, कोरडा ठणठणीत नाही, मला तर जास्त आवडला. पहिल्यांदा कराल तेव्हा एक बलक मधोमध मोडून बघा, मध्ये चकचकीत ओला ठिपका दिसला तर परत झाकण. तुमचा तवा आणि तुमची शेगडी वेगळी, त्यामुळे माझ्या मिनिटांपेक्षा तुमच्या डोळ्यांवर विश्वास ठेवा.

उकडलेल्याचं सोपं आहे, उकळत्या पाण्यात सोडल्यापासून सहा मिनिटांत बलक पातळ असतो, आठला मध्ये ओलसर, दहा ते बारा मिनिटं दिली की गरोदर बाईला आणि मुलांना द्यायला ठीक. बलकाभोवती हिरवट कडं आलं तर घाबरू नका, जास्त उकडल्याची खूण आहे फक्त. आमच्याकडे रश्श्यात अंडी फोडून सोडतात त्यात मात्र लोक फसतात, वरून रस्सा उकळतोय म्हणून वाटतं झालं, पण अंडं अर्धं रश्श्याच्या वर तरंगत असतं आणि वरची बाजू कच्चीच राहते. झाकण ठेवा, पाच-सहा मिनिटं ढवळायचं नाही, मग एक अंडं चमच्याने कापून बघायचं. भुर्जी ओलसर चकाकणारी उतरवू नका, आणि फ्रेंच टोस्ट जाड पावाचा असेल तर मध्ये कच्चा लगदा राहतो, तो मुलं आवडीने खातात!

आता सासूबाईंचं दूध. त्यांच्या मनात ताकद यावी हेच आहे, त्यांच्या काळी तसंच द्यायचे, त्यामुळे त्यांच्याशी वाद नका घालू. एवढं सांगा की कच्च्या अंड्यातलं प्रोटीन आपल्या अंगी जेमतेम निम्मं लागतं आणि शिजवलेल्यातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ज्या ताकदीसाठी देताय ती शिजवूनच जास्त मिळते. हे ऐकलं की बहुतेक आज्या पटकन तयार होतात, माझा अनुभव आहे.

"पण मी गरमच दूध घालते" असं त्या म्हणतील. तर हिशोब बघा. २०० मिली दूध अगदी नुकतं उतरवलेलं, ९० अंशांचं, त्यात ५० ग्रॅमचं अंडं घातलं तर मिश्रण कागदावर ७७ च्या आसपास जातं, पण स्टीलचा थंड पेला, फेटायला गेलेला वेळ, त्यात ते आणखी उतरतं. आणि मुलाला चटका बसू नये म्हणून दूध ७० वर आलं असेल तर अंडं घातल्यावर ते ६१-६२ वरच थांबतं. मुलाचं दूध नेहमी असंच असतं, पिण्याइतकं गरम. म्हणजे अंडं कच्चंच.

त्याऐवजी एक अंडं दोन चमचे साखरेबरोबर पातेल्यात नीट फेटा, कपभर गरम दूध ढवळत ढवळत धारेने घाला, आणि मग ते परत मंद आचेवर ठेवून सतत तळापासून ढवळत राहा. उकळी आणायची नाही, नाहीतर गुठळ्या होतात (झाल्या तर गाळून घ्या, वाया जात नाही). उलथन्याच्या पाठीवर दाट थर बसला आणि त्यावर बोटाने ओढलेली रेघ तशीच राहिली की ते ८० च्या आसपास पोचलेलं असतं. वेलची घाला, कोमट करून द्या. सासूबाईंच्या हातचंच राहतं, नुसती पाच मिनिटं जास्त लागतात.

कच्च्या अंड्याचं जे खरंच बंद ठेवायला सांगते ते म्हणजे घरी मिक्सरमध्ये केलेलं मेयॉनेज, आणि मूस, तिरामिसू असली डेझर्ट. यात चार-पाच अंडी एकत्र होतात, त्यातलं एक जरी खराब निघालं तरी सगळं भांडं खराब, आणि नंतर ते कधी शिजतच नाही. लिंबू-व्हिनेगर घातलंय म्हणून जंतू मेले असं धरता येत नाही. केरळने २०२३ च्या जानेवारीत आणि तेलंगणाने २०२४ च्या ऑक्टोबरअखेर कच्च्या अंड्याच्या मेयॉनेजवर बंदी आणली ती याचमुळे. आमच्याच घरी एका वाढदिवसाला मी कच्च्या अंड्याचं चॉकलेट मूस केलं होतं, मे महिना, दुपारभर टेबलावर राहिलं, आणि दुसऱ्या दिवशी भाच्यासकट तीन मुलांना ताप आणि जुलाब. भाच्याला दोन दिवस सलाइन लावावं लागलं, स्टूल कल्चरमध्ये साल्मोनेला आला. त्याचा सुकलेला चेहरा मला अजून दिसतो, आणि त्यानंतर मी मूस अंड्याशिवाय, नुसत्या क्रीमचं करते. बाटलीतलं विकतचं मेयॉनेज पाश्चराइज्ड अंड्याचं किंवा बिनअंड्याचं असेल तर चालतं, लेबल वाचा. मोमो आणि शोरमाच्या गाडीवरची पांढरी चटणी कशाची आहे ते विचारा, सांगता आलं नाही तर ती बाजूला ठेवायला सांगा.

आणि हे वाचून "अगंबाई, मी तर परवाच हाफ फ्राय खाल्लं" असं झालं असेल तर जीव टांगणीला लावू नका, बहुतेक अंड्यांत काही नसतं. त्रास व्हायचा असेल तर सहा तासांपासून सहा दिवसांत होतो: ताप, पोटात मुरडा, जुलाब, उलटी. पाचव्या महिन्यात ताप आणि जुलाब एकत्र आले, लघवी कमी झाली किंवा पाणी पोटात टिकत नसेल तर ओआरएस घेत घेत त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, आणि काय खाल्लं ते त्यांना सांगा. जुलाब थांबवायची गोळी मेडिकलमधून स्वतःहून आणून घेऊ नका, मुलालाही देऊ नका.

बहिणीला म्हणावं, अंड्यावर सिंह दिसला तर खुशाल खा. माहेरपणाला इकडे आली की मात्र झाकण ठेवून.