सहा बलक आणि डब्यावरची पट्टी

अमेरिकेतल्या पहिल्या हिवाळ्यात हौसेनं कस्टर्ड केलं. सहा बलक त्यात गेले, सहा अंड्यांचं पांढरं उरलं. जळगावच्या सवयीनं ते स्टीलच्या डब्यात ओतून फ्रिजमध्ये सरकवलं आणि विसरले. पुन्हा डबा उघडला तेव्हा ते मंगळवारचं की त्याआधीच्या शनिवारचं, काही केल्या आठवेना. वास अजिबात नव्हता. पण साल्मोनेला असला तरी वास येतोच असं नाही, म्हणून सगळं सिंकमध्ये गेलं.

इथल्या कृषी खात्याचा सल्ला साधा आहे: फोडलेलं कच्चं अंडं, पांढरं असो की बलक, ४ अंश सेल्सिअस किंवा त्याखालच्या फ्रिजमध्ये २ ते ४ दिवस. मी बलकाला २ दिवसच देते, कारण तो लवकर सुकतो आणि वर साय धरल्यासारखी कातडी येते. अख्ख्या बलकावर थोडं थंड पाणी घालून ठेवलं की ती येत नाही. वापरताना पाणी ओतून टाकायचं. डबा घट्ट झाकणाचा हवा, आणि दारात नाही, आतल्या कप्प्यात.

चार दिवसांत संपणार नसेल तर फ्रीझर. पांढरं वर्षभर टिकतं. मी बर्फाच्या ट्रेमध्ये एकेका अंड्याचं गोठवते, म्हणजे मोजायचा घोळ नाही. नुसता बलक मात्र गोठला की घट्ट जेलीसारखा होतो आणि वितळल्यावरही पुन्हा पातळ होत नाही. चार बलकांत चिमूटभर मीठ किंवा दीड छोटा चमचा साखर फेटून मग गोठवायचं. यातलं काय घातलं ते लिहिलं नाही तर? एकदा मी गोड ऑम्लेट खाल्लं आहे.

म्हणून पट्टीवर चार गोष्टी: पांढरं की बलक, किती, तारीख, मीठ की साखर. पट्टी झाकणावर लावू नका, झाकणं आपसांत बदलतात. आणि डबा कोरडा असतानाच चिकटवा. फ्रिजमधून काढलेल्या ओल्या डब्याला मास्किंग टेप धरत नाही, बॉलपेनची शाईही फुटते.

हे सगळं वहिनीला फोनवर सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न: "आणि लाईट गेली तर?" खरं आहे, मे महिन्यातल्या जळगावचा विचार इथल्या सल्ल्यात कुठून असणार! दार उघडलं नाही तर फ्रिज साधारण ४ तास थंड राहतो. त्याहून जास्त वेळ लाईट नसेल तर फोडलेली अंडी टाकून द्यायची, पट्टीवरची तारीख कालची असली तरी. आणि ३२ अंशांच्या वर गेलेल्या स्वयंपाकघरात ओट्यावर एका तासाच्या वर ठेवायची नाहीत.

परवा तिनं फोटो पाठवला. डब्यावर पट्टी: "पांढरं, ५, १२ मे, आईंनी उघडू नये." कारण आईंनी आदल्या दिवशी झाकण उघडून विचारलं होतं, "हाई काय शे?"