सहीचा अधिकार मिळाला, पैसे मात्र हप्त्याहप्त्याने

बी.आर्क.ची पाच वर्षं संपवून मी कर्वे रस्त्यावरच्या एका छोट्या ऑफिसात चौदा हजारांवर लागलो. पदवी मिळाली म्हणून लगेच आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. 1972 च्या कायद्यानुसार त्यासाठी कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी लागते. ती झाली तरी माझा पगार होता तेवढाच राहिला, कारण नोंदणीने सही करता येते, पण सही करण्याजोगं काम पुढची काही वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली शिकावं लागतं.

स्वतःच्या सहीचं पहिलं काम कोथरूडमधल्या जुन्या बंगल्याच्या जागी नवीन इमारत बांधण्याचं होतं. मालक काकांनी प्रॉपर्टी कार्ड पुढे ठेवलं. त्यावर क्षेत्र 520 चौरस मीटर. मोजणी नकाशात 508 आणि आम्ही जागेवर टेप लावला तेव्हा 511.

"कार्डावर 520 आहे ना, मग आपण कमी का धरायचं?" काकांनी विचारलं.

"काका, तिन्हींपैकी सगळ्यांत कमी असेल तेच धरावं लागतं. क्षेत्राच्या तक्त्याची पहिली ओळच तशी आहे."

राज्याच्या 2020 च्या बांधकाम नियमावलीत, म्हणजे यूडीसीपीआरमध्ये, इथे मूळ एफएसआय 1.10 आहे; प्लॉटच्या क्षेत्राच्या 1.10 पट बांधकाम करता येतं. म्हणजे 572 ऐवजी 558.8 चौरस मीटर. एक चांगली ऐसपैस बेडरूम तिथेच गेली. त्यात कमी पडलेली जागा एका बाजूच्या कंपाउंडलगत असेल, तर तिकडे सोडायची मोकळी जागा, साइड मार्जिन, तीही सरकते आणि जिना, लिफ्ट, पार्किंग सगळं पुन्हा मांडावं लागतं. म्हणून मोजणीचा नकाशा हाती येईपर्यंत मी फक्त कच्चे आराखडे करतो. जागेवर चारही बाजूंबरोबर दोन्ही कर्ण मोजतो, कारण बाजू जुळल्या तरी प्लॉट तिरका असू शकतो.

मिळकतीचा वेग ठरतो तो इथेच. आमची फी टप्प्याटप्प्याने येते: आराखडा पसंत पडल्यावर थोडी, पालिकेत नकाशे दाखल केल्यावर थोडी, मग बांधकाम परवानगी, मग काम चढेल तशी. मोजणी लांबली की दाखल करणं लांबतं आणि तो हप्ताही. ऑफिसचं भाडं आणि मुलांचे पगार मात्र दर महिन्याला द्यावेच लागतात. ज्युनियरचा पगार कमी राहतो त्यामागे हे गणित असतं, पण ते मला पटत नाही. दाखल करायचे नकाशे तोच काढतो, तेव्हा त्या हप्त्यातला वाटा त्याला मिळायला हवा. माझ्याकडे आम्ही तसं ठरवलं आहे.

कोथरूडच्या कामात जोत्याची तपासणी होण्याआधी मी स्वतः चारही बाजूंची मार्जिनं मंजूर नकाशाशी ताडून पाहिली. जोतं सरकलेलं असेल तर ते त्याच वेळी सुधारता येतं. सरकलेल्या जोत्यावरच स्लॅब चढले की भोगवटा प्रमाणपत्र अडतं. आणि आमचा शेवटचा हप्ता त्या प्रमाणपत्रानंतरच येतो. मध्यंतरी ऑफिस चाललं ते दोन फ्लॅटच्या इंटिरियरवर, कारण ती कामं काही महिन्यांत संपतात.