कळ दाबली, पण कळलं कुणाला?

मागच्या महिन्यात मी एक धडा रेकॉर्ड केला. बावीस मिनिटं बोलले होते आणि फाइल निघाली नऊ मिनिटांची. पहिली पाच मिनिटं ठीक होती. पुढच्या चार मिनिटांत तीन विमानं, कुकरच्या चार शिट्ट्या आणि भाजीवाल्याला खिडकीतून "मेथी कशी दिली?" असं विचारणारी मी. मुख्य धडा, म्हणजे संगणकावर मराठी टाइप कसं करायचं, त्यात कुठेच नव्हता. जे गाळायचं ते सगळं नीट जपलेलं आणि जे जपायचं ते सगळं गाळलेलं!

मी घाटकोपरला राहते. सांताक्रूझला उतरणारी विमानं आमच्या डोक्यावरून इतकी खालून जातात की पाहुणे बोलता बोलता वर बघतात. आम्ही नुसते बोलायचे थांबतो आणि विमान गेलं की त्याच शब्दापासून पुढे बोलतो. बँकेतून निवृत्त झाल्यावर आमच्या कट्ट्यावरच्या ज्येष्ठांसाठी मी असे छोटे धडे करायला घेतले, तेव्हा ही सवय रेकॉर्डिंगमध्येही हवी होती. विमान आलं की थांब, गेलं की चालू. त्यातून रेकॉर्डरची खिडकी पडद्यावर दिसायला नको. आमच्या नानांना पडद्यावर जे जे दिसेल ते सगळं दाबून बघायचं असतं. व्हिडिओतलं लाल बटणही त्यांनी एकदा स्वतःच्या पडद्यावर दाबून पाहिलं आणि "तुझं चालत नाही" म्हणून फोन केला.

म्हणून रेकॉर्डर विंगेत आणि दोरी माझ्या हातात, अशी व्यवस्था हवी होती. माझ्याकडे ओबीएस स्टुडिओ आहे, फुकट मिळतो. भाचा सोहमने एका रविवारी येऊन सगळं लावून दिलं. Settings मध्ये General, त्यात System Tray या भागात `Always minimize to system tray instead of task bar` वर खूण केली, की खिडकी खाली करताच ती खालच्या पट्टीतूनही नाहीशी होते. घड्याळाशेजारी एक इवलंसं चिन्ह तेवढं उरतं. मग Hotkeys च्या पानावर Start Recording, Stop Recording, Pause Recording आणि Unpause Recording असे चार रकाने शोधायचे. ते मुळात रिकामे असतात. रकान्यात क्लिक करून हवी ती कळ दाबायची. एवढंच. (आधी Pause चं बटणच दिसत नव्हतं. रेकॉर्डिंगचा दर्जा `Same as stream` वर होता, तो बदलल्यावर ते उगवलं. तोवर सोहमने दोन कप चहा संपवला होता.)

सोहमने लक्षात ठेवायला सोपं म्हणून `Ctrl+Alt+R` ने सुरू-बंद आणि `Ctrl+Alt+P` ने थांब-चालू असं ठरवलं. एकच कळ दोन्ही रकान्यांत घातली की ती दिव्याच्या बटणासारखी वागते, एकदा दाबली की सुरू, पुन्हा दाबली की बंद. मला ते फार सुटसुटीत वाटलं.

पहिला धडा वर्डमध्ये केला. तो पाहिला तर कोऱ्या कागदावर मी एक अक्षरही टाइप करायच्या आधीच ® ही खूण हजर! दुसऱ्या धड्यातही तेच. मला वाटलं संगणकाला काहीतरी बाधा झाली. खरी गोष्ट अशी की वर्डमध्ये `Ctrl+Alt+R` दाबलं की ® उमटतं. आणि ओबीएस विंडोजवर कळ अडवून स्वतःकडे ठेवत नाही. तो दर 25 मिलिसेकंदांनी नुसतं डोकावून बघतो, ही कळ दाबलेली आहे का म्हणून. दाबलेली दिसली की आपलं काम करतो, पण ती कळ ज्या खिडकीत आपण बसलोय तिलाही मिळतेच. चाळीत एकाला हाक मारली की तिघे "ओ" देतात, तसं. म्हणजे कळ निवडताना ती माझ्या लक्षात राहते का, हे बघून भागत नाही. ज्या प्रोग्राममध्ये धडा करायचाय त्यात तिला आधीच काही नेमून दिलेलं नाही ना, हे बघायला हवं. ते तपासायची रीत सोपी आहे. रेकॉर्डर बंद ठेवायचा, तो कागद उघडायचा, कळ दाबायची आणि काही हलतंय का बघायचं.

® ची मी फारशी पर्वा केली नाही, खोडून पुढे जात राहिले. `Ctrl+Alt+P` तर वर्डमध्ये कागद छापील रूपात दाखवतं, आणि माझा कागद तसाच असायचा, त्यामुळे त्याचा उपद्रवही कळायचा नाही. मग आला तो नऊ मिनिटांचा धडा.

त्यात मी टायपिंगचं एक जुनं साधन बसवून दाखवत होते. बसवायला सुरुवात केली, विंडोजने नेहमीसारखी परवानगी मागितली, मी हो म्हटलं, पुढची खिडकी आली आणि डोक्यावर विमान. मी थांबायची कळ दाबली. विमान गेलं. तोवर बसवणं संपलं होतं, मी परत वर्डवर आले, पुन्हा कळ दाबली आणि बोलायला लागले.

पहिली कळ ओबीएसला कळलीच नव्हती. एखादी खिडकी प्रशासकाच्या, म्हणजे administrator च्या अधिकाराने चालत असली आणि ती पुढे असली, तर साध्या अधिकाराने चालणाऱ्या प्रोग्रामला विंडोज तिथल्या कळा दिसू देत नाही. सुरक्षेसाठीच आहे ते. एरवी कुठलाही उपरा प्रोग्राम बसून तुमचा पासवर्ड टिपत बसेल. पण त्यामुळे झालं असं, की विमानाच्या वेळी रेकॉर्डिंग चालूच राहिलं आणि वर्डमध्ये आल्यावर जी कळ मी "चालू" म्हणून दाबली तिने ते थांबलं. तिथून पुढे मी आणि रेकॉर्डर एकमेकांच्या बरोबर उलट. मी बोलले की तो गप्प, मी गप्प की तो दक्ष. विमान आलं, मी दाबलं, तो जागा झाला. कुकरची पहिली शिट्टी झाली, पुन्हा तेच. शेवटी मी समाधानाने बंद केलं तेव्हा भाजीवाला नुकताच गेला होता.

सोहम फोनवर हसून हसून बेजार झाला. मग म्हणाला, "मावशी, ओबीएसच administrator म्हणून चालू कर." त्याच्या चिन्हावर उजवं क्लिक करून `Run as administrator` निवडलं की तशा खिडक्यांतही कळा पोचतात. परवानगी विचारणारा तो काळवंडलेला पडदा मात्र वेगळाच असतो. तो असेपर्यंत कुठलीच कळ चालत नाही, तेव्हा विमान आलं तर आलं.

पण माझं समाधान झालं नाही. बँकेत तीस वर्षं काढल्यावर एक गोष्ट अंगात भिनते. चूक होणारच, प्रश्न एवढाच की एक चूक पुढच्या सगळ्या नोंदी उलट्या करते की तिथल्या तिथे संपते. एका कळेवर थांब आणि चालू दोन्ही असलं, की कळेचा अर्थ रेकॉर्डर आत्ता कुठल्या अवस्थेत आहे त्यावर ठरतो. आणि ती अवस्था तर मीच पडद्याआड लपवलेली! म्हणून मी दोन्ही वेगळ्या केल्या. माझ्या बाहेरून जोडलेल्या कीबोर्डवर उजव्या कोपऱ्यात `Pause` नावाची एक कळ आहे. इतकी वर्षं ती तिथे कशाला आहे हा प्रश्न मला पडला नव्हता. ती आता Pause Recording. तिच्या शेजारची `Scroll Lock` ही Unpause Recording. आता शंका आली तर मी `Pause` दोनदा दाबते, तिनदा दाबते. थांबलेलं आणखी थांबत नाही. एखादी कळ वाया गेली तरी पुढची आपला अर्थ बदलत नाही. फार तर एक विमान फाइलमध्ये येईल, ते कापता येतं.

सुरू करायला `Ctrl+Shift+F7` आणि बंद करायला `Ctrl+Shift+F11` ठेवलं, मुद्दाम लांब लांब. वर्डमध्ये यांना काही किरकोळ कामं आहेत, पण माझ्या साध्या कागदांवर त्यांनी काही हलत नाही. वर सांगितलेल्या रीतीने तपासून घेतलं.

सोहमला `Scroll Lock` ची निवड वेगळ्याच कारणाने आवडली होती. तिला कीबोर्डवर स्वतःचा दिवा असतो. "तो पेटला की चालू आहे समज," म्हणाला. दोन दिवस मीही खूष होते. मग लक्षात आलं की तो दिवा फक्त मी कळ किती वेळा दाबली ते मोजतो, सम की विषम. रेकॉर्डरने ती ऐकली की नाही, याची त्याला काय खबर? पुन्हा तोच जुना रोग, वर दिव्याची आरास. खरी बातमी घड्याळाशेजारच्या त्या इवल्याशा चिन्हाकडेच असते. रेकॉर्डिंग चालू असताना त्यावर लाल ठिपका येतो. विंडोज 11 त्याला बाणाच्या पोटात लपवतं, तिथून ओढून बाहेर पट्टीवर आणून ठेवावं लागतं. ते मग व्हिडिओतही दिसतं, पण नखाएवढं आहे, नानांच्याही नजरेत अजून आलेलं नाही. नाटकात तिसरी घंटा झाली की नट सावरून उभा राहतो, तसं मी आता त्या ठिपक्याकडे बघितल्याशिवाय तोंड उघडत नाही.

गेल्या आठवड्यात नव्या रीतीने धडा केला. अठरा मिनिटं बोलले, फाइलही अठराच मिनिटांची. एकही विमान नाही, शिट्टी नाही, ® नाही. कट्ट्यावर सगळ्यांना दाखवला. नानांनी शेवटपर्यंत शांतपणे पाहिला, मग म्हणाले, "छान झालाय. पण मधे मधे ते खट्-खट् काय वाजतं?"

घरी येऊन कान देऊन ऐकलं. कळ खाली जाते तो पहिला खट्, त्यानंतर रेकॉर्डर थांबतो. पुन्हा चालू करताना तो कळ खाली जाताच जागा होतो आणि मग कळ वर येते तो दुसरा खट्. मधलं विमान अख्खं गळलेलं आणि दोन्ही खट् एकाला एक चिकटलेले. आता माइक कीबोर्डपासून लांब न्यायचा की मऊ कळांचा कीबोर्ड घ्यायचा, हे सोहम येईल तेव्हा बघू. तोवर कळ दाबताना बोट हळूच टेकवते आहे, पेटीवर ठेवावं तसं.