दोन गाड्या, पण t कुणाचा?

दोन गाड्या समोरासमोर येण्याचं उदाहरण मला येतं असं मी धरून चालले होते. दोघींचे वेग मिळवायचे, अंतराला भागायचं, झालं. मग हे उदाहरण समोर आलं. अ आणि ब स्थानकांमध्ये ४४० किमी अंतर. अ वरून ८ वाजता एक गाडी ताशी ६० किमी वेगाने सुटते, ब वरून ९:३० ला दुसरी ताशी ८० किमी वेगाने. त्या कधी भेटतील?

मी सवयीने लिहिलं: ६०t + ८०t = ४४०. t आला २२/७ तास, म्हणजे साधारण ११ वाजून ९ मिनिटं. उत्तर जरा विचित्र दिसलं म्हणून ताळा करायला बसले. तोवर पहिली गाडी जवळजवळ १८९ किमी गेलेली, पण दुसरी जेमतेम १३१. बेरीज ३२०. मध्ये अजून १२० किमी मोकळेच!

या १२० नेच मला चूक दाखवली. ८० ला १.५ ने गुणलं की १२० होतात. दुसरी गाडी दीड तास ब वर उभी होती आणि माझ्या समीकरणात ती त्या वेळातही धावत होती. मी t लिहिला खरा, पण तो कधीपासून मोजायचा हे ठरवलंच नव्हतं.

आता आधी शब्दांत लिहिलं: t म्हणजे ८ वाजल्यापासूनचे तास. मग पहिली गाडी t तास धावते आणि दुसरी t − १.५. (१ तास ३० मिनिटं म्हणजे १.५, १.३० नव्हे, इथेही हात घसरतो.)

६०t + ८०(t − १.५) = ४४०
१४०t = ५६०
t = ४

म्हणजे १२ वाजता भेट. पहिली २४० किमी, दुसरी २००, बेरीज बरोबर ४४०. वेळ ९:३० पासून मोजली तर पहिल्या गाडीला t + १.५ मिळतात आणि t = २.५ येतो. घड्याळात पुन्हा १२च.

वजा कुणाला द्यायचं यात मी तरी गोंधळायचे. म्हणून सोडवण्याआधी t = १.५ ठेवून बघते: दुसऱ्या गाडीचं अंतर शून्य यायलाच हवं, कारण ती त्याच क्षणी सुटते. न आल्यास वजा चुकीच्या गाडीला लागलंय.

नंतर उत्सुकतेपोटी ४४० च्या जागी ८० घातले. t आला साधारण १.४३, म्हणजे दुसरी गाडी उणे वेळ धावलेली! खरं तर ८० किमी संपवून पहिली गाडी ९:२० लाच ब वर पोहोचते, दुसरी सुटायच्या १० मिनिटं आधी. समीकरणाला हे कळत नाही, ते आकडा देतंच. t १.५ पेक्षा लहान आला, तर गाड्या वाटेत भेटतच नाहीत.